सक्सेशन प्लॅनचा गोषवारा कसा काढावा: साठ पानांच्या फाइलमधून लीडरशिप कमिटीसाठी एक पान

दरवर्षी मार्च-एप्रिलमध्ये एचआरमधली मंडळी सक्सेशन प्लॅनची, म्हणजे कोणत्या पदावर पुढे कोण बसेल याची, फाइल घेऊन कमिटीपुढे जातात. फाइलमध्ये ऑर्ग चार्ट असतो, माणसांची कामगिरी आणि क्षमता मांडणारा नाइन-बॉक्स तक्ता असतो, प्रत्येक पदापुढे एक-दोन नावं असतात. शेवटच्या स्लाइडवर लिहिलेलं असतं, "८५ टक्के पदांना उत्तराधिकारी तयार." कमिटी मान डोलावते आणि पुढचा विषय घेते. सहा महिन्यांनी एखादा माणूस राजीनामा देतो तेव्हा कळतं की त्या पदापुढचं नाव नुसतंच लिहिलेलं होतं.

चूक फाइलमध्ये थोडी असते, गोषवारा काढण्यात जास्त. बहुतेक जण फाइल छोटी करतात, म्हणजे पानं कमी करतात आणि रंग भरतात. कमिटीला मात्र तीनच गोष्टी कळायला हव्यात: कोणती पदं रिकामी राहिली तर धंदा अडेल, त्या पदांवर आज कोण बसू शकेल, आणि जो बसू शकत नाही त्याला नेमकं काय कमी पडतं. फाइलमध्ये हे आयतं मिळत नाही. ते तपासून काढावं लागतं, आणि तेही याच क्रमाने.

समजायला सोपं जावं म्हणून एक उदाहरण शेवटपर्यंत चालवतो. कोल्हापूरजवळच्या एमआयडीसीतली एक फाउंड्री धरू. कामगार-कर्मचारी मिळून साधारण ६४० माणसं, इंडक्शन फर्नेस, ट्रॅक्टर आणि पंपांची कास्टिंग्ज, थोडी निर्यात. आकडे आणि माणसं उदाहरणापुरती आहेत. फाइलमध्ये २८ पदं आहेत आणि त्यातल्या २४ पदांपुढे "रेडी नाऊ" लिहिलेलं आहे.

## टप्पा १: तारीख गोठवा, चार कागद गोळा करा

गोषवारा एका तारखेचा असतो. "३१ मार्चची स्थिती" असं वर लिहा आणि त्यानंतरचे बदल तळटीपेत घ्या. नाहीतर एका पदाची माहिती जानेवारीची आणि दुसऱ्याची मेची, असं होतं.

फाइलखेरीज हे कागद जवळ हवेत:

- निवृत्तीच्या तारखांची यादी. पदावरच्या माणसाची आणि ज्याचं नाव पुढे लिहिलंय त्याचीही.
- गेल्या दोन वर्षांत कोण किती दिवस सलग रजेवर होतं आणि तेव्हा काम कोणी पाहिलं.
- कायद्याने किंवा ग्राहकाच्या कराराने नाव देऊन नेमावी लागणारी पदं.
- गेल्या वर्षीचा गोषवारा.

दुसरा कागद कोणी मागत नाही, आणि तोच सगळ्यात उपयोगी पडतो. मेल्टिंग इनचार्ज ऑपरेशनसाठी तीन आठवडे घरी होता, त्या काळात फर्नेस कोणी चालवली, वितळवलेल्या धातूच्या किती हीट फुकट गेल्या, हे त्यात दिसतं. कोणाच्या मतापेक्षा हा पुरावा पक्का.

तपासा: गेल्या वर्षीच्या गोषवाऱ्यात "एक वर्षात तयार" म्हणून लिहिलेली नावं यंदाही तिथेच आहेत का? असतील तर त्यांची वेगळी यादी करा. पाचव्या टप्प्यात ती लागेल.

## टप्पा २: कळीची पदं ठरवा, नावं झाकून

इथे फाइलमधला नावांचा रकाना अक्षरशः झाका. एक्सेलमध्ये असेल तर तो कॉलम लपवा. नावं समोर असली की पदाचा विचार न होता माणसाचा होतो. "जोशीसाहेब कंपनीचा कणा आहेत" हे खरं असेल, पण त्यावरून ते पद कळीचं ठरत नाही. उलट, कोणाच्या फारशा लक्षात नसलेला माणूस कळीच्या पदावर बसलेला असू शकतो.

प्रत्येक पदासाठी एकच वाक्य पुरं करायचं:

"हे पद ९० दिवस रिकामं राहिलं, तर ______ थांबेल किंवा बिघडेल."

रिकाम्या जागेत ठोस गोष्ट आली पाहिजे: ऑर्डर, पैसे, परवाना, सुरक्षितता, ग्राहक. "समन्वयावर परिणाम होईल" असं उत्तर आलं तर ते पद यादीतून काढा. १ ते ५ गुण देऊन सरासरी काढण्याची पद्धत मी सोडून दिली आहे, कारण सगळी पदं ३.४ आणि ३.९ च्या मध्ये येऊन बसतात आणि निवड होतच नाही.

वाक्य पुरं झालं की आणखी दोन प्रश्न विचारायचे. असा माणूस बाजारात किती दिवसांत मिळतो? आणि आज कंपनीत हे काम किती जणांना येतं?

आपल्या फाउंड्रीत या चाळणीतून २८ पैकी सहा पदं उरतात: प्लँट हेड, मेथडिंग प्रमुख, मेल्टिंग इनचार्ज, क्वालिटी हेड, फायनान्स हेड आणि निर्यात ग्राहक सांभाळणारा मार्केटिंग मॅनेजर. एचआर हेडचं पद यात नाही. ते वगळताना मन थोडं अडखळतं, पण वाक्य पुरं होत नाही.

मेथडिंग प्रमुख ऑर्ग चार्टवर तिसऱ्या ओळीत आहे, बहुतेक फाइलींत त्याचं नावही नसतं. नवीन कास्टिंगचं ड्रॉइंग आलं की धातू साच्यात कुठून शिरेल, रायझर, म्हणजे धातू थंड होऊन आकसताना भर घालणारा जादा धातूचा साठा, कुठे आणि केवढा ठेवायचा, हे हाच माणूस ठरवतो. ते चुकलं तर आत पोकळी राहते आणि कास्टिंग ग्राहकाच्या मशीनवर कापल्यावर ती दिसते. असा माणूस ९० दिवस नसला तर चालू कास्टिंग्ज निघत राहतील, नवीन एकही निघणार नाही. हे वाक्य पूर्ण आणि ठोस आहे, म्हणून हे पद कळीचं.

लिस्टेड कंपनीत असाल तर इथे कायद्याची मुदतही पाहा. सेबीच्या लिस्टिंग नियमांप्रमाणे सीईओ, एमडी किंवा सीएफओचं पद रिकामं झालं तर साधारणपणे ३ महिन्यांत भरावं लागतं. कंपनी कायद्याच्या कलम २०३ मध्ये मुख्य व्यवस्थापकीय पदांसाठी ही मुदत ६ महिने आहे. म्हणजे अशा पदासाठी "बाहेरून शोधू" हे उत्तर देताना तीन महिन्यांत शोध, ऑफर आणि समोरच्याचा नोटीस पीरियड बसतो का, हे आधी मोजा.

सावधान: कळीची पदं एकूण पदांच्या चौथ्या हिश्शापेक्षा जास्त झाली तर तुम्ही कोणाला तरी वाईट वाटू नये म्हणून यादी वाढवली आहे. परत बसा.

## टप्पा ३: "रेडी नाऊ" म्हणजे काय, ते आधी लिहून घ्या

आता नावांचा रकाना उघडा, पण त्याआधी व्याख्या लिहा. व्याख्या नसली की प्रत्येक विभागप्रमुख आपल्या मनाने शिक्का मारतो. मी वापरतो ती अशी:

"उद्या पद रिकामं झालं तर ३० दिवसांत पूर्ण जबाबदारी घेईल, आधीच्या माणसाला फोन न करता त्या पदाचे सर्वांत अवघड दोन निर्णय स्वतः घेईल, आणि निदान तीन वर्षं त्या पदावर राहू शकेल."

यातला प्रत्येक तुकडा एकेका चुकीला अडवतो. पहिला तुकडा "हळूहळू शिकेल" वाल्यांना बाजूला करतो. दुसरा उत्तम सहायकांना बाजूला करतो: जे साहेबाचं सगळं काम करतात, पण शेवटची सही साहेबाची असते. तिसरा निवृत्तीच्या जवळ आलेल्यांना बाजूला करतो.

इथेच सगळ्यात मोठी गल्लत होते: तात्पुरता सांभाळणारा आणि उत्तराधिकारी एकाच रकान्यात लिहिले जातात. आपल्याकडे दोघांनाही "बॅकअप" म्हणतात. कोणी आजारी पडलं तर महिनाभर गाडी चालवणारा हवाच, पण तो वेगळ्या रकान्यात.

आता सहाही पदांपुढची नावं या व्याख्येवर घासू. फाइलमध्ये सहाही पदांपुढे "रेडी नाऊ" आहे.

प्लँट हेडपुढे प्रॉडक्शन मॅनेजरचं नाव आहे. गेल्या वर्षी प्लँट हेड दीड महिना नव्हते तेव्हा त्यानेच कामगारांचा ओव्हरटाइमचा वाद मिटवला आणि महिन्याचं डिस्पॅच पूर्ण केलं. वय ४६. टिकतो.

मेथडिंगपुढे सीनियर मेथड इंजिनिअर. चालू कास्टिंगमधल्या सुधारणा तो बिनचूक करतो. पण कोऱ्या ड्रॉइंगपासून मंजूर सँपलपर्यंत एकही काम त्याने एकट्याने नेलेलं नाही. अवघड निर्णय घेतलेलाच नाही, म्हणून टिकत नाही.

मेल्टिंगपुढे सीनियर शिफ्ट इनचार्ज. वर सांगितलेले तीन आठवडे त्यानेच फर्नेस चालवली, धातूतले घटक दाखवणारे स्पेक्ट्रोचे रिपोर्ट पाहून केमिस्ट्री दुरुस्त करण्याचे निर्णय घेतले. काम येतं यात शंका नाही. पण त्याचं वय ५७ आणि पदावरचा इनचार्ज ५४ वर्षांचा. निवृत्ती साठाव्या वर्षी. म्हणजे उत्तराधिकारी साहेबाच्या तीन वर्षं आधी घरी जाणार. तात्पुरता सांभाळणारा म्हणून पक्का, उत्तराधिकारी म्हणून नाही.

फायनान्सपुढे अकाउंट्स मॅनेजर. ऑडिट, जीएसटी, वर्षाखेर सगळं हातचं. पण बँकेकडे वर्किंग कॅपिटल लिमिटचं नूतनीकरण दरवर्षी फायनान्स हेड स्वतः करतात. बँकेला द्यायच्या सीएमए डेटातले आर्थिक अंदाज त्यांचे, बँकेतलं बोलणं त्यांचं. टिकत नाही.

क्वालिटी आणि निर्यात मार्केटिंग या दोन्ही पदांपुढे पुन्हा प्रॉडक्शन मॅनेजर! ग्राहकाची तक्रार त्याने कधी शेवटपर्यंत निस्तरलेली नाही आणि परदेशी ग्राहकाशी भावाची बोलणी केलेली नाहीत. माणूस हुशार आहे आणि सगळ्यांना आवडतो, म्हणून त्याचं नाव जिथे-तिथे लिहिलं गेलं.

तपासा: ज्याचं नाव लिहिलंय त्याला ते पद हवंय का, हे कोणी विचारलंय? आश्वासन न देता विचारता येतं: "पुढच्या चार-पाच वर्षांत तुम्हाला कुठे काम करायला आवडेल? दुसऱ्या गावी जायची तयारी आहे का?" एका कंपनीत मी पुण्याच्या माणसाचं नाव गुजरातच्या प्लँटसाठी दोन वर्षं "तयार" म्हणून दाखवत होतो. वेळ आली तेव्हा त्याने घरी आजारी वडील असल्याचं सांगितलं आणि नकार दिला. ते ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होतं, विचारलं मात्र मी कधीच नव्हतं.

## टप्पा ४: मोजणी करताना माणसं मोजा, नावं नव्हे

फाइलमध्ये सहा पदांपुढे सहा नोंदी आहेत, पण माणसं चारच. एक माणूस तीन ठिकाणी आहे, आणि तो एका वेळी एकाच खुर्चीत बसणार. म्हणून प्रत्येक माणूस एकाच पदावर मोजा, जिथे त्याची गरज सर्वांत जास्त आणि पुरावा सर्वांत पक्का आहे तिथे.

मग साखळी पाहा. प्रॉडक्शन मॅनेजर प्लँट हेड झाला तर प्रॉडक्शन कोण पाहणार? ते पद आपल्या सहात नाही, पण तिथेही कोणी नसेल तर बढतीच्या दिवशी एक भोक बुजवून दुसरं पडतं. गोषवाऱ्यात साखळीची एकच पायरी दाखवा. त्याखाली गेलात तर कमिटी हरवते.

आपली खरी मोजणी अशी निघते:

| स्थिती | पदं |
|---|---|
| आज तयार उत्तराधिकारी | १ (प्लँट हेड) |
| फक्त तात्पुरता सांभाळणारा | १ (मेल्टिंग) |
| एक ते दोन वर्षांत तयार होईल | २ (मेथडिंग, फायनान्स) |
| आत कोणीही नाही | २ (क्वालिटी, निर्यात मार्केटिंग) |

फाइल म्हणत होती सहापैकी सहा. गोषवारा म्हणतो सहापैकी एक. हा फरक बैठकीत पहिल्यांदा उघड करू नका. संबंधित विभागप्रमुखांना आधी एकेकट्याने भेटून पुरावा दाखवा. त्यांच्याकडे वेगळा पुरावा असेल तर तो घ्या आणि खरंच बदलायचं असेल तर बदला. नुसत्या आग्रहावर बदलू नका.

## टप्पा ५: उणीव लिहा, कोर्स नव्हे

गोषवाऱ्याचा हा भाग सगळ्यात कच्चा असतो. "नेतृत्वगुण वाढवणे", "स्ट्रॅटेजिक विचार", "संवादकौशल्य" असे शब्द येतात आणि पुढे दोन दिवसांच्या प्रशिक्षणाचं नाव. वर्षभराने प्रशिक्षण झालेलं असतं, माणूस तिथेच असतो. पहिल्या टप्प्यात वेगळी काढलेली जुनी नावं याच कारणाने अडकलेली असतात. त्यातल्या प्रत्येकाची गेल्या वर्षीची उणीव वाचून पाहा, ती बहुधा अशाच शब्दांत लिहिलेली सापडेल.

उणीव चार तुकड्यांत लिहायची: त्याने कोणता निर्णय अजून घेतलेला नाही, तो घ्यायला लावणारं काम कोणतं, ते काम त्याला कोण देणार, आणि जमलं हे कशावरून कळणार.

मेथडिंगचं उदाहरण पूर्ण करू, कारण इथे वेळेचं गणितही आहे. पदावरचे प्रमुख १४ महिन्यांनी निवृत्त होणार. त्यांच्या टेबलाच्या खणात लाल कापडी पुठ्ठ्याची एक वही आहे. प्रत्येक कास्टिंगला आधी काय मेथड लावली, कुठे पोकळी आली, रायझर किती मिलिमीटरने बदलला, मग रिजेक्शन किती राहिलं, हे त्यात स्वतःच्या खुणांनी लिहिलेलं आहे. सिम्युलेशन सॉफ्टवेअर कंपनीत आहे, पण त्याचं उत्तर कुठे मानायचं आणि कुठे नाही, हे या वहीत आहे.

उणीव अशी लिहिली जाईल:

"कोऱ्या ड्रॉइंगपासून मंजूर सँपलपर्यंत स्वतंत्र काम केलेलं नाही. येत्या दोन नवीन कास्टिंग्जची मेथड तोच ठरवेल. प्रमुख सँपल ओतून होईपर्यंत दुरुस्ती सुचवणार नाहीत, सँपल कापल्यावर एकत्र चर्चा करतील. काम देण्याची जबाबदारी प्लँट हेडची. दुसरं कास्टिंग जास्तीत जास्त दोन सँपलमध्ये ग्राहकाकडून मंजूर झालं तर जमलं. यासोबत चालू असलेल्या प्रमुख कास्टिंग्जच्या नोंदी वहीतून दोघांनी मिळून सिस्टिममध्ये घ्यायच्या."

आता गणित. पॅटर्न बनण्यापासून ग्राहकाच्या मंजुरीपर्यंत एका नवीन कास्टिंगला या कारखान्यात सहा ते आठ महिने लागतात. दोन कास्टिंग्ज एकामागून एक केली तर १२ ते १६ महिने. निवृत्ती १४ महिन्यांवर. म्हणजे सगळं सुरळीत झालं तरच जेमतेम पुरतं. हे गणित केलं की कमिटीपुढे ठेवायचा प्रश्न आपोआप दिसतो: प्रमुखांना निवृत्तीनंतर वर्षभर सल्लागार म्हणून ठेवायचं का, आणि तसं असेल तर त्यांच्याशी आताच बोलायचं का.

फायनान्सची उणीव दोन ओळींची आहे. यंदाच्या लिमिट नूतनीकरणाची फाइल अकाउंट्स मॅनेजर तयार करेल आणि बँकेतल्या बैठकीत तो बोलेल, फायनान्स हेड शेजारी बसतील. बँकेने विचारलेल्या प्रश्नांची लेखी उत्तरं त्याच्या सहीने गेली का, ते पाहायचं.

सावधान: एका माणसापुढे दोनपेक्षा जास्त उणिवा लिहिल्या असतील तर तो "एक ते दोन वर्षांत" या गटातला नाही. गट बदला.

## टप्पा ६: पान मांडा

एक पान, ए४, दोन्ही बाजूंना लिहायचं नाही. वरून खाली क्रम असा ठेवा: कमिटीकडून हवे असलेले निर्णय, मग वरचा मोजणीचा तक्ता, मग सहा पदांच्या सहा ओळी. बहुतेक जण निर्णय शेवटी ठेवतात आणि तिथे पोचेपर्यंत वेळ संपतो.

एका पदाची ओळ अशी दिसते:

"मेथडिंग प्रमुख. रिकामं राहिल्यास नवीन कास्टिंग विकास थांबेल. निवृत्ती १४ महिन्यांत. आज तयार: नाही. तात्पुरता: सीनियर मेथड इंजिनिअर, फक्त चालू कास्टिंग्जसाठी. उणीव: स्वतंत्र नवीन विकास, दोन कामं, १२ ते १६ महिने."

आपल्या उदाहरणात निर्णय तीन होतात: मेथडिंग प्रमुखांना सल्लागार म्हणून ठेवण्यास मंजुरी, क्वालिटीसाठी बाहेरून उपप्रमुख घेण्यास मंजुरी, आणि निर्यात ग्राहकांच्या प्रत्येक बैठकीत मार्केटिंगमधला दुसरा माणूस बसवण्याचा आदेश. मेल्टिंगला निर्णय नको, तिथे सहा वर्षं हातात आहेत. तरुण शिफ्ट इंजिनिअर निवडून पुढच्या वर्षी उणीव लिहिली तरी चालेल.

हिरवा-पिवळा-लाल रंग वापरायचा असेल तर फक्त मोजणीच्या तक्त्यात वापरा. नाइन-बॉक्स या पानावर नको. तो माणसांची कामगिरी आणि क्षमता दाखवतो, पदाची सोय झाली की नाही हे त्यातून कळत नाही. शिवाय तो दिसला की चर्चा "याला वरच्या डब्यात का टाकलं" इथेच अडते.

तपासा: पान अशा माणसाला वाचायला द्या ज्याने मूळ फाइल पाहिलेली नाही. पाच मिनिटांनी विचारा, "कोणत्या पदाची सगळ्यात आधी काळजी करायला हवी?" उत्तर मेथडिंग आलं नाही तर मांडणी चुकली आहे.

## टप्पा ७: बैठकीआधी आणि बैठकीत

हे पान ईमेलने किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नका. क्रमांक घातलेल्या छापील प्रती बैठकीत द्या आणि उठताना परत घ्या. "पुढचा प्लँट हेड कोण" ही बातमी कँटीनला पोचली की ज्याचं नाव आहे तो अडचणीत येतो आणि ज्याचं नाही तो नोकरी शोधू लागतो.

कमिटीतला सदस्य स्वतः यादीतल्या पदावर असेल, तर त्या ओळीच्या चर्चेपुरतं त्याने बाहेर थांबावं. हे बैठकीआधी अध्यक्षांकडून ठरवून घ्या, आयत्या वेळी सांगू नका. मालकांच्या घरातला कोणी यादीत असेल तर त्यालाही तीच व्याख्या, तसाच पुरावा. त्याची ओळ वेगळ्या शब्दांत लिहिलीत तर बाकीच्या पाच ओळींवरचा विश्वासही जातो.

बैठकीत कोणी म्हणालं, "तो तयार आहे, मी सांगतो ना," तर वाद घालू नका. विचारा, "त्याने हा निर्णय शेवटचा कधी घेतला?" प्रसंग सांगितला तर तिथेच त्या ओळीपुढे पुरावा म्हणून लिहा. नाही सांगता आला तर ओळ आहे तशीच राहते.

निर्णय झाले की त्याच दिवशी प्रत्येकासमोर नाव आणि तारीख लिहून घ्या. पुढची पाहणी तीन महिन्यांनी, आणि तेव्हा पूर्ण पान पुन्हा करायचं नाही. फक्त उणिवांच्या ओळी घ्यायच्या. आपल्या फाउंड्रीत पहिल्या पाहणीला दोनच गोष्टी विचारायच्या: पहिल्या नवीन कास्टिंगचं ड्रॉइंग सीनियर मेथड इंजिनिअरच्या टेबलावर गेलं का, आणि लाल वहीतली किती कास्टिंग्ज सिस्टिममध्ये आली.